चष्म्याचा नंबर बरोबर, मग माणसं का धडकतात?

प्रश्न : डॉक्टर, माझे मालक ४७ वर्षांचे आहेत, गुजरीत सोनारकाम करतात. गेले सात-आठ महिने महाद्वार रोडला चालताना माणसांना धडकतात, कधी डाव्या अंगाला तर कधी उजव्या. दोनदा स्कूटरचा आरसा दुसऱ्याच्या गाडीला घासला. लोक म्हणतात, "सकाळी सकाळी घेऊन आलायसा काय?" ते तर सुपारीसुद्धा खात नाहीत. मणी ओवताना सुईचं टोक दिसतं, पण त्याच्या पलीकडचा मणी गायब होतो म्हणतात. वहीत ५ लिहिलेला असला तर कधी ५५ वाचतात. चष्म्याच्या दुकानात दोनदा तपासलं, दोन्ही डोळे ६/६. एका डॉक्टरांनी काचबिंदूची शंका म्हणून थेंब दिले. दुसऱ्या डॉक्टरांनी फील्ड टेस्ट केली आणि मेंदूचा एमआरआय लिहून दिला. मालक म्हणतात, "मला सगळं दिसतंय. डोळ्याच्या तक्रारीला डोक्याचा फोटो कशाला? सहा महिने बघू." रिपोर्टचे फोटो पाठवत आहे. थांबावं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, थांबू नका. एमआरआय याच आठवड्यात करून घ्या आणि आजपासून त्यांना स्कूटर चालवू देऊ नका. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टवर जे दिसतंय ते चष्म्याचं नाही आणि काचबिंदूचंही वाटत नाही. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात, तिथे खालून काहीतरी दाबतंय असं तो कागद सांगतो. अशा जागी सगळ्यात जास्त आढळते ती पिट्यूटरी ग्रंथीची गाठ. ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, हेही आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना हात थरथरायचे नाहीत.

पहिल्यांदा त्यांचं "मला सगळं दिसतंय" हे वाक्य घेऊ, कारण ते खोटं बोलत नाहीत. दुकानात अक्षरांचा तक्ता वाचतो तेव्हा आपण नजरेचा अगदी मधला बारीकसा भाग वापरतो. ६/६ म्हणजे तो मधला भाग तीक्ष्ण आहे, एवढंच. कडेचं काय दिसतं हे तो तक्ता विचारतच नाही. निरोगी डोळ्याला समोर बघत असताना कानाच्या बाजूला साधारण ९० अंशांपर्यंत दिसतं, नाकाच्या बाजूला ६० अंशांपर्यंत. तुमच्या मालकांच्या प्रत्येक डोळ्याची कानाकडची बाजू जायला लागली आहे. उजव्या डोळ्याला उजवीकडचं कमी दिसतं आणि डाव्या डोळ्याला डावीकडचं.

आता गंमत बघा. दोन्ही डोळे उघडे असतील तर उजवा डोळा आपल्या शाबूत राहिलेल्या नाकाकडच्या भागातून डावीकडचे ६० अंश बघतो आणि डावा डोळा उजवीकडचे ६० अंश. म्हणजे दोघे मिळून समोरचा बराचसा भाग भरून काढतात. उरते ती दोन्ही टोकांची, ६० ते ९० अंशांमधली पट्टी. ती मात्र कुणीच बघत नाही, कारण उजवीकडच्या त्या टोकाला फक्त उजवाच डोळा पोहोचतो आणि डावीकडच्या टोकाला फक्त डावा. घरात, देव्हाऱ्यासमोर, टीव्ही बघताना या पट्टीची आठवणही येत नाही. महाद्वार रोडला मात्र माणसं नेमकी तिथूनच येतात : खांद्याला खांदा लावून पुढे जाणारा, दुकानाच्या पायरीवरून उतरणारी बाई, फुलांची पाटी घेऊन आडवा घुसणारा पोरगा. समोरून येणाऱ्याला ते चुकवतात, कडेच्याला धडकतात. आणि मेंदू त्या जागी काळा पडदा दाखवत नाही. तिथे काही नाहीच असं धरून चालतो. म्हणून असे रुग्ण "दिसत नाही" असं म्हणत नाहीत, "लोकच अंगावर येतात" म्हणतात.

मण्याची तक्रार त्याहून जास्त बोलकी आहे, आणि ती तुम्ही लिहिलीत हे फार बरं केलंत. आपण सुईच्या टोकावर नजर रोखतो तेव्हा दोन्ही डोळे आत वळून त्या टोकावर मिळतात. त्या टोकाच्या पलीकडे जे असतं ते प्रत्येक डोळ्याच्या कानाकडच्या क्षेत्रात पडतं. ते क्षेत्र दोन्ही डोळ्यांचं गेलेलं असेल तर टोकाच्या मागे एक आंधळा त्रिकोण तयार होतो. त्यात गेलेला मणी कुठल्याच डोळ्याला दिसत नाही. शिंप्यांना, सोनारांना, घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांना, नखं कापताना कुणालाही हे जाणवू शकतं. टोक दिसतं, मागचं नाही, ही तक्रार नंबर वाढल्याने होत नाही. नंबर वाढला की दोन्ही अंधुक होतात.

५ चा ५५ होण्यामागेही तेच आहे. एरवी दोन्ही डोळ्यांची चित्रं एकमेकांवर मोठ्या भागात बसलेली असतात आणि त्या समाईक भागाच्या आधारावर मेंदू डोळ्यांना एका रेषेत धरून ठेवतो. इथे उजव्या डोळ्याकडे फक्त डावी बाजू आणि डाव्या डोळ्याकडे फक्त उजवी बाजू उरली. मधोमध फाटलेल्या फोटोचे दोन तुकडे न चिकटवता शेजारी ठेवावेत तशी ही स्थिती असते. डोळे जरासे बाहेर सरकले की तुकडे एकमेकांवर चढतात आणि मधला आकडा दोनदा दिसतो. जरासे आत सरकले की मध्ये फट पडते आणि आकडा गायब. हिशेबाच्या वहीत ही चूक कुठल्या थराला जाऊ शकते हे गुजरीतल्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

आता तुमच्या रिपोर्टकडे वळते. दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा. डाव्या डोळ्याचा डावीकडे, उजव्याचा उजवीकडे. कागदावर वर 'एल' किंवा 'आर' छापलेलं असतं त्यावरून ओळखता येईल. ही फील्ड टेस्ट, म्हणजे नजर किती भागापर्यंत पोहोचते याची चाचणी, हम्फ्री यंत्रावर २४-२ नावाच्या पद्धतीने केलेली आहे. त्यात वाटीसारख्या आतल्या पांढऱ्या पृष्ठभागावर मध्यापासून साधारण २४ अंशांपर्यंत ५४ जागी प्रकाशाचे ठिपके दाखवतात. रुग्णाने मधल्या दिव्यावर नजर ठेवायची आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं. एकेका जागी किती मंद ठिपका दिसतो ते यंत्र मोजतं. जिथे अगदी ठळक ठिपकाही दिसला नाही ती जागा कागदावर काळी छापली जाते.

तुम्ही म्हणाल, गेलीय ती कडेची नजर, मग मधल्या २४ अंशांची चाचणी कशी पुरेल? पुरते. अशा दाबात नुकसान कडेपुरतं राहत नाही, ते आत मधल्या उभ्या रेषेपर्यंत येऊन थांबतं. तुमच्या उजव्या कागदावर बघा : वरचा उजवा पाव भाग काळा आहे, खालचा उजवा करडा पडत चाललाय, आणि डावा अर्धा भाग जवळजवळ स्वच्छ आहे. डाव्या कागदावर हेच उलट. वरचा डावा काळा, खालचा डावा नुकता करडा, उजवा अर्धा स्वच्छ. दोन्ही कागद एकत्र पाहिले तर बाहेरच्या दोन्ही बाजू अंधारलेल्या आणि आतल्या दोन्ही उजळ. आणि काळं-पांढरं जिथे बदलतं ती रेषा उभी आहे, अगदी पट्टीने मारल्यासारखी सरळ. मला या कागदावरची एकच गोष्ट ठेवायला सांगितली तर मी ती उभी रेषा ठेवीन.

काचबिंदूची शंका तिथेच मावळते. काचबिंदूत नस डोळ्याच्या मागच्या पडद्यापाशीच मरत जाते. तिथे तंतूंची मांडणी वरचे आणि खालचे अशी असते, म्हणून काचबिंदूचा काळा भाग आडव्या रेषेला थांबतो, आणि बहुतेक वेळा सुरुवात नाकाकडून होते. तुमच्या मालकांचं नुकसान कानाकडून सुरू होतं आणि उभ्या रेषेला थांबतं. दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलंय की डोळ्याचा दाब १६ आणि १५ आहे आणि नसेचा रंग, खोलगटपणा ठीक आहे. नस ठीक दिसतेय आणि फील्डमध्ये एवढा काळा भाग आहे, तर बिघाड डोळ्याच्या मागे कुठेतरी आहे असं समजायचं. पहिल्या डॉक्टरांनी फील्ड टेस्ट केली नव्हती असं दिसतं, त्यामुळे त्यांच्यापुढे हा पुरावाच नव्हता. थेंब पुढच्या भेटीपर्यंत चालू ठेवले तरी एरवी बिघडत नाही. दमा असेल तर मात्र थेंबाचं नाव डॉक्टरांना आजच फोनवर सांगा, कारण त्यातले काही थेंब दम्याच्या माणसाला चालत नाहीत.

उभी रेषाच का, हे समजलं की एमआरआय डोक्याचा का, हेही समजेल. प्रत्येक डोळ्याच्या पडद्यावरून निघालेले तंतू मागे जातात. मेंदूच्या तळाशी, साधारण दोन्ही भुवयांच्या मधून सरळ मागे गेलं की जी जागा येते तिथे, दोन्ही डोळ्यांच्या नसा फुलीसारख्या मिळतात. नाकाकडच्या पडद्याचे तंतू तिथे पलीकडे ओलांडून जातात, कानाकडच्या पडद्याचे न ओलांडता आपल्याच बाजूने जातात. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, म्हणून नाकाकडचा पडदा कानाकडचं जग बघतो. म्हणजे ओलांडणारे सगळे तंतू बाहेरच्या दोन्ही बाजूंचे. ते फुलीच्या मधोमध असतात. मधोमध दाब आला की दोन्ही डोळ्यांच्या फक्त बाहेरच्या बाजू जातात आणि बाकीचं शाबूत राहतं. एका डोळ्याच्या आजाराने, चष्म्याने किंवा मोतीबिंदूने असा नकाशा तयार होणं फार अवघड आहे.

या फुलीच्या बरोबर खाली, हाडाच्या छोट्या खोबणीत पिट्यूटरी ग्रंथी बसलेली असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. ग्रंथी आणि फुली यांच्यामध्ये साधारण एक सेंटिमीटरचं अंतर असतं. तिच्यात वाढलेली गाठ आधी खोबणी भरते, मग वर चढते, आणि फुलीला खालून टेकते. खालून दाब आला की फुलीतले खालचे तंतू आधी चिरडतात, आणि ते वरच्या बाजूचं जग बघणारे असतात. म्हणून तुमच्या कागदावर वरचा पाव भाग काळा आणि खालचा नुसता करडा आहे. याचा दुसरा अर्थ असा की, नजरेत फरक पडला तोवर गाठ खोबणीच्या बाहेर येऊन एक सेंटिमीटरच्या वर गेलेली असते. सहा महिने बघू म्हणण्याइतका वेळ तिने आधीच वापरून झालाय.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात विश्वासार्हतेचे आकडे आहेत. चुकून बटण दाबण्याचं प्रमाण २ टक्के आहे, चांगलं. नजर हलण्याचा आकडा ०/१४ आहे, तोही उत्तम दिसतो, पण या रुग्णात त्याला फारशी किंमत नाही. यंत्र तो आकडा काढण्यासाठी डोळ्याच्या नैसर्गिक अंध बिंदूवर, म्हणजे कानाकडे १५ अंशांवर, अधूनमधून ठिपका टाकतं. तो दिसला तर नजर हलली असं मानतं. यांच्या कानाकडचं सगळंच कमी झालंय, त्यामुळे नजर हलली तरी ठिपका दिसणार नाही आणि आकडा शून्यच येईल. तरी मी या चाचणीवर विश्वास ठेवते, कारण नजर भरकटली असती तर ती उभी रेषा इतकी सरळ आली नसती. शिवाय दोन्ही डोळ्यांत ती एकाच जागी आहे. थकून, कंटाळून, झोप येऊन बटण दाबायचं राहिलं तर कडेने चौफेर काळं होतं, असं अर्ध्यावर नाही.

अशा नकाशाची नक्कल करणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. गेल्या वर्ष-दोन वर्षांत त्यांनी टीबीची औषधं घेतली आहेत का? त्यातलं एथॅम्ब्युटॉल नसेला त्रास देतं आणि कधीकधी असाच बाहेरच्या बाजूंचा बिघाड करतं. औषध अजून चालू असेल तर आजच टीबीच्या डॉक्टरांना कळवा. पापणी खाली ओघळलेली असली तर वरचा भाग काळा येतो, पण तो दोन्ही बाजूंना येतो. जन्मतःच नस तिरकी असलेल्या काही डोळ्यांतही वरच्या बाहेरच्या बाजूला काळं दिसतं, मात्र ते उभ्या रेषेला न जुमानता पलीकडे सांडतं.

मालकांना मात्र ही सगळी भाषा पटणार नाही, असा माझा अंदाज आहे. त्यांना घरी त्यांच्याच डोळ्याने दाखवा. दुपारी उजेडात त्यांच्यासमोर हातभर अंतरावर, गुडघ्याला गुडघे लागतील एवढ्या जवळ बसा. त्यांना तळहाताने डावा डोळा पूर्ण झाकायला सांगा, बोटांच्या फटी नकोत. तुम्ही तुमचा उजवा डोळा मिटा. आता त्यांचा उजवा आणि तुमचा डावा डोळा समोरासमोर आहेत. त्यांनी तुमच्या डोळ्याकडेच बघत राहायचं, हीच काय ती अट. औषधाच्या बाटलीचं लाल झाकण दोघांच्या बरोबर मधल्या अंतरावर धरा, त्यांच्या उजवीकडे, कपाळाच्या उंचीला. तुम्हाला ते सहज दिसेल. हळूहळू आत आणा आणि लाल दिसताच 'दिसलं' म्हणायला सांगा. तुम्हाला केव्हाच दिसलेलं झाकण त्यांना नाकासमोर आल्यावरच दिसेल, असा माझा अंदाज आहे. मग तशीच दोन झाकणं घ्या, एक त्यांच्या नजरेच्या जरा डावीकडे, एक जरा उजवीकडे, आणि विचारा कुठलं जास्त लाल आहे. दाबलेल्या बाजूचं झाकण पूर्ण गायब नसलं तरी विटकरी, फिकं दिसतं. नस दुखावली की सगळ्यात आधी लाल रंग फिका पडतो. नंतर दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून हे केलंत तर काहीच सापडणार नाही, कारण वर सांगितलं तसं ते एकमेकांची झाकपाक करतात. निदान यावर करायचं नाही. माणूस एमआरआयला तयार व्हावा, एवढ्याचसाठी हे करायचं.

दुकानातल्या तक्त्यावरही एक खूण सापडते, बघणाऱ्याला माहीत असेल तर. असा रुग्ण उजव्या डोळ्याने वाचताना ओळीची उजवीकडची अक्षरं सोडतो, डाव्या डोळ्याने डावीकडची. "अजून एक आहे की तिकडं" म्हटलं की मान वळवून तेही वाचतो, आणि मग ६/६ लिहिलं जातं.

आता एमआरआयबद्दल. चिठ्ठीवर नुसतं 'ब्रेन' लिहिलं असेल तर डॉक्टरांकडून 'पिट्यूटरी, कॉन्ट्रास्टसहित' असं करून घ्या. नेहमीच्या मेंदूच्या तपासणीत काप जाड असतात. या खोबणीसाठी बारीक काप, समोरून आणि बाजूने, लागतात, म्हणजे गाठ फुलीला टेकलीय की तिला वर ढकलतेय हे मोजता येतं. गाठीऐवजी त्या जागी फुगलेली रक्तवाहिनीही असू शकते, आणि तिला हात लावायची पद्धत अगदी वेगळी असते. अंदाजावर न राहता फोटो काढायचा तो यासाठी. कॉन्ट्रास्ट देण्याआधी मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी मागतील, ती आधीच करून न्या. आणि तुमच्यासाठी खास एक गोष्ट : तंत्रज्ञाला सांगा की हे धातूकाम करतात. सोनं चुंबकाकडे ओढलं जात नाही, पण कानशीचा, करवतीचा पोलादी कण कधी डोळ्यात उडून अडकला असेल तर एमआरआयच्या चुंबकात तो हलू शकतो. अशी आठवण असेल तर आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतात.

त्याच दिवशी सकाळी ८ च्या सुमाराला रक्तही द्यायला सांगा. प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल, फ्री टी-४ आणि टीएसएच, टेस्टोस्टेरॉन, आयजीएफ-१. ही यादी डॉक्टर देतीलच, पण यातलं एक नाव लक्षात ठेवा : प्रोलॅक्टिन, म्हणजे पिट्यूटरी ग्रंथीतून सुटणारं एक संप्रेरक. कारण ऑपरेशन लागणार की गोळी पुरणार, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. मोठी गाठ स्वतः प्रोलॅक्टिन बनवत असेल तर आकडा साधारणपणे मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅमच्या वर, कधी हजारांत जातो. अशा गाठीला कॅबर्गोलिन नावाची, आठवड्यातून एक-दोनदा घ्यायची गोळी आकसवते, आणि काही रुग्णांची कडेची नजर काही दिवसांत ते काही आठवड्यांत उघडायला लागते. डोक्याला हात न लावता. आकडा ४०, ६० असा किरकोळ वाढलेला असेल तर गाठ बहुधा दुसऱ्या जातीची असते आणि तिने फक्त ग्रंथीचा देठ दाबल्याने प्रोलॅक्टिन वर गेलेलं असतं. तिथे गोळीने नजर सुटत नाही.

या आकड्यात दोन चकवे आहेत. अ‍ॅसिडिटीसाठी डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असलेली गोळी चालू असेल तर त्याने प्रोलॅक्टिन वाढतं. कोल्हापुरी तिखटाच्या कृपेने ती गोळी आपल्या घरोघरी असते, म्हणून चिठ्ठ्या बरोबर न्या. दुसरा चकवा उलटा. गाठ फार मोठी आणि प्रोलॅक्टिन अफाट असेल तर प्रयोगशाळेचं यंत्र गोंधळून आकडा खोटा कमी दाखवतं. एमआरआयवर तीन सेंटिमीटरची गाठ आणि प्रोलॅक्टिन जेमतेम वाढलेलं, असं आलं तर रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पातळ करून पुन्हा मोजायला सांगावं लागतं. अंतःस्रावी ग्रंथींचे डॉक्टर हे जाणतात. तरी विचारायला संकोच नको.

एक प्रश्न तुम्हा दोघांतला आहे, पण डॉक्टरांसमोर बोलायला हवा. प्रोलॅक्टिन वाढलं की पुरुषाची इच्छा मंदावते, दाढी उशिरा वाढते, थकवा येतो. वयाचं किंवा धंद्याच्या ताणाचं म्हणून पुरुष ते वर्षानुवर्षं सांगत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची गाठ सापडेपर्यंत मोठी झालेली असते. बायकांची पाळी चुकते, म्हणून त्या डॉक्टरांकडे लवकर येतात. गाठीची आणखी एक जात वाढीचं संप्रेरक बनवणारी. त्यात हातापायांची हाडं-मांस जाड होतं. बोटातली अंगठी त्यांनी गेल्या काही वर्षांत मोठी करून घेतली आहे का? कापशी चप्पल पूर्वीच्या मापाची घट्ट होते का? लग्नातला फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. नाक, जबडा, ओठ यांचा फरक घरच्यांच्या नजरेला रोज बघून कळत नाही.

गोळीची जात नसेल तर ऑपरेशन बहुतेक वेळा नाकातून होतं, दुर्बिणीने. कवटी उघडत नाहीत आणि चेहऱ्यावर टाका येत नाही. नजर किती परत येईल हे गाठ काढण्याच्या कौशल्याइतकंच तंतू किती शिल्लक आहेत यावर असतं. म्हणून ऑपरेशनआधी ओसीटी नावाचा नसेचा स्कॅन करायला सांगा. डोळ्याला स्पर्शही न करता तो तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये देतो. थर अजून जाड असेल तर फील्डमधला काळा भाग बराच उजळण्याची आशा धरता येते. थर पातळ होऊन नस फिकट पडली असेल तर दाब काढूनही काही भाग काळाच राहतो. तुमच्या डॉक्टरांनी नसेचा रंग चांगला लिहिलाय, हे आत्ता तुमच्या बाजूचं आहे, आणि घाई करायला मी सांगतेय ती त्यासाठीच.

रक्तात कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी आले तर आधी कॉर्टिसॉलची गोळी सुरू करतात, थायरॉइडची नंतर. हा क्रम घरी किंवा मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून उलटा करू नका, त्याने रुग्ण कोसळू शकतो.

एमआरआय होईपर्यंतच्या दिवसांत एका गोष्टीवर लक्ष ठेवा. या गाठीत अचानक रक्तस्राव होऊ शकतो. आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, उलटी, काही तासांत नजर झपाट्याने जाणं, एक पापणी पडणं किंवा एकाचे दोन दिसणं, गुंगी येणं, यातलं काही झालं तर रात्र असो वा जत्रा, न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या. चष्म्याच्या दुकानात नाही आणि घरच्या फॅमिली डॉक्टरांकडेही नाही. दारातच सांगा, "पिट्यूटरी गाठीची शंका आहे," आणि फील्डचा कागद दाखवा. हे वाक्य ऐकलं की तिथे पहिलं इंजेक्शन कशाचं द्यायचं ते त्यांना कळतं.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या नेत्रविभागात दाखवता येईल. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला आधी भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, आणि हे ऑपरेशन तिथे योजनेत बसतं का ते लेखी विचारा.

एमआरआयच्या फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. सर्जनला मापं सीडीवरूनच घ्यायची असतात. आत्ताचा फील्ड टेस्टचा कागद लॅमिनेट करू नका. झेरॉक्स काढून मूळ प्रत फायलीत ठेवा. गोळी सुरू झाली तर दोन-तीन आठवड्यांनी, ऑपरेशन झालं तर साधारण तीन महिन्यांनी, त्याच २४-२ पद्धतीने आणि शक्यतो त्याच यंत्रावर पुन्हा चाचणी करून तो कागद याच्या शेजारी ठेवून बघायचाय. स्कूटरची किल्ली कधी परत द्यायची, हे त्या दोन कागदांवरून तुमचे डॉक्टर सांगतील.